पंधराशेचे अठराशे कसे होतात?

घरमालक, लोकमान्य नगर, इंदूर: दोन मजले मिळून १२०० चौरस फुटांचे घर बांधायचे आहे. सामानाचे ११५० आणि मजुरीचे ३५० धरून माझा हिशेब चौरस फुटाला १५०० रुपयांवर थांबतो, पण ठेकेदार १८०० सांगतो. वरचे ३०० म्हणजे निव्वळ लूट नव्हे का?

नवा अभियंता: लूट नाही, पण दर चढा आहे. चौरस फुटाला साधारण ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलो सळई, म्हणजे ४८० गोण्या आणि ४.८ टन सळई, या ठोकताळ्याने सामान तपासून घ्यावे आणि देखरेखीसाठी सरसकट १० टक्के चढवावेत. १६५० च्या वर जाण्याचे कारण दिसत नाही.

निवृत्त अभियंता: ठोकताळा ठीक आहे, मात्र आपल्या काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागला की तो अपुरा पडतो. टक्क्यांचा हिशेब मला मुळीच मान्य नाही, कारण चौकीदार पगार घेतो तो महिन्यांचा. तुम्ही फरशी स्वस्त घेतली म्हणून त्याचा पगार उतरत नाही. दोन साइटींत वाटून घेतलेल्या सुपरवायझरचे १२,०००, चौकीदाराचे ९,००० आणि पाणी, वीज, अवजारांचे ५,००० धरले, तर महिन्याला २६,००० होतात. आठ महिन्यांचे २,०८,०००, म्हणजे चौरस फुटाला सुमारे १७३. उरलेल्या १२७ मध्ये ठेकेदाराचा नफा आणि त्याची जोखीम. काम दोन महिने रेंगाळले, तर त्यातलेही ४३ जातात.

स्लॅब टाकल्यानंतर साइटवर एकदा जाऊन पाहावे. खाली टेक्यांचे जंगल उभे असते, त्यामुळे आतल्या भिंती आणि छताचा गिलावा अडून राहतो. मिस्त्री आणि बेलदार दुसऱ्या साइटवर निघून जातात, आणि स्लॅबवर पाणी मारणारा चौकीदार तेवढा उरतो. मजुरीच्या खात्यात त्या दिवसांचा खर्च शून्य दिसतो, पण महिन्याचे २६,००० चालूच असतात.

सुदामा नगरच्या ताई: आमचे भांडण मोजमापावरून झाले. मजुरी ३५० चीच ठरली होती, पण बाल्कनी, छज्जे आणि जिन्यावरची टॉवर धरून ठेकेदाराने १२०० चे १३१० फूट केले आणि ३८,५०० वाढवले. आधी मोजमाप लिहून घ्या!

घरमालक: ताई, माझा प्रश्न दराचा होता, तरी हे विचारायला हवे, माझ्याही नकाशात बाल्कनी आहे. पण गँग त्याने दुसरीकडे नेली म्हणून काम रेंगाळले, तर ते ४३ मी का सोसावेत?

नवा अभियंता: सोसू नयेत. ठरलेल्या दरात विलंब त्याचाच.

निवृत्त अभियंता: त्याच्यामुळे झालेला त्याचा, हे खरे. पण फरशी निवडायला मालकांनी तीन आठवडे घेतले, तर? मी पाहिलेल्या बहुतेक लहान कामांत विलंब दोघांचा मिळून होता, आणि कोणते आठवडे कोणाचे याची नोंद कोणाकडेच नव्हती.