मदत हवी आहे: ऑर्डरचं टेबल वेळेत देता येत नाही, ग्राहकाला माफीचं पत्र कसं लिहू?

सुतारपक्षी
नमस्कार मंडळी. मी एकट्याने लाकडी फर्निचर बनवतो. एका ताईंनी त्यांच्या मापाचं कामाचं टेबल सांगितलं होतं, पाच फूट बाय अडीच फूट. अर्धी रक्कम आगाऊ घेतली आहे. 15 तारखेला देतो म्हणालो होतो. 16 पासून त्या घरून काम सुरू करणार आहेत आणि जुनं टेबल त्यांनी देऊनही टाकलंय.

आज 9 तारीख. वरच्या फळीला बाक आलाय. आडवी पट्टी ठेवली तर मध्ये पाच मिलिमीटर फट दिसते. मीटर लावला तर ओलावा 16 टक्के निघाला. घरात वापरायचं लाकूड साधारण 8 ते 12 टक्क्यांत हवं. पट्ट्या चिकटवण्याआधी मीटर लावायला हवा होता, तो लावला नाही. रंधून सपाट केली तर फळी पातळ होईल आणि वाळताना पुन्हा वाकेल, म्हणून नवीच करतोय.

पत्राचा मसुदा असा आहे:

"काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला थोडा विलंब होत आहे. आपली गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत. टेबल लवकरात लवकर देण्याचा प्रयत्न करू. पुढील ऑर्डरवर आपणास विशेष सवलत देण्यात येईल."

वाचून मलाच बरं वाटत नाही. नेमकं काय बदलू?

घाईगर्दी
कारण अजिबात लिहू नका. लाकूड ओलं होतं म्हटलं की यांना काम येत नाही असं वाटेल. पत्र चार ओळींचं ठेवा आणि सरळ 30 टक्के सूट द्या, माणूस गप्प बसतो.

पडदेवाली
तुम्ही विक्रेत्याला लेखी तक्रार पाठवा आणि आगाऊ रक्कम परत मागा. माझे शिवायला दिलेले पडदे असेच रखडले होते. पहिल्यांदा उशीर झाला तेव्हा मी काही बोलले नाही. त्यांनी "नक्की शुक्रवारी" म्हणून सांगितलं, मी रजा काढून घरी बसले आणि शुक्रवारीही कोणी आलं नाही. त्या दिवशी मी ऑर्डर रद्द केली.

सुतारपक्षी
ताई, उशीर करणारा मीच आहे, पत्र मला लिहायचंय :) पण तुमचा शुक्रवार लक्षात ठेवतो.

जुनी वही
ऑर्डरप्रमाणे वस्तू बनवून देणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं ग्राहकांची पत्रं लिहिली. तुमच्या मसुद्यातल्या दोन शब्दांवर मी आधी लाल रेघ मारेन. एक "अपरिहार्य". मीटर न लावणं अपरिहार्य नव्हतं, आणि पुढे कधी खरं कारण त्यांना कळलं तर माफीही खोटी ठरेल. दुसरा "झाली असल्यास". त्यांनी टेबल देऊन टाकलंय, 16 ला त्या कशावर काम करणार? गैरसोय झाली आहे असं सरळ लिहा.

घाईगर्दी म्हणतात ते अर्धं पटतं. कारण लांबलं की ती सबब वाटते. दोन वाक्यांत सांगा, त्यात "मी" हा कर्ता असू द्या आणि लाकूड विकणाऱ्याला मध्ये आणू नका. पण कारण गाळलं तर नवी तारीख कशाच्या जोरावर मानायची हे त्यांना कळत नाही.

आता भरपाई. पुढच्या ऑर्डरवरची सवलत काढून टाका, तिच्यासाठी त्यांनाच पुन्हा पैसे खर्चावे लागतात. 30 टक्के दिले तरी 16 तारखेला टेबल नाहीच. आधी नुकसान कुठे झालंय ते बघा आणि भरपाई तिथे पोचवा. तुमच्याकडे त्यांना वापरायला देता येईल असं एखादं टेबल आहे का? ते 15 च्या संध्याकाळी त्यांच्या घरी लागलं, तर सूट थोडी असली तरी चालेल.

आणि तारीख मोजून सांगा. काय काय उरलंय?

सुतारपक्षी
माझं स्वतःचं एक साधं टेबल आहे, चार फुटी. हे मला सुचलंच नव्हतं.

उरलेलं काम: भट्टीत वाळवलेलं लाकूड यायला तीन दिवस, कारखान्याच्या हवेत मुरायला आठवडा, पट्ट्या चिकटवून घासायला तीन दिवस, पॉलिशचे हात द्यायला पाच, ते कडक व्हायला तीन. एकूण 21 दिवस, म्हणजे 30 तारीख. पाय आणि खण तयार आहेत.

जुनी वही
मग 30 लिहू नका, पुढच्या महिन्याची 5 लिहा. पॉलिश एक दिवस वाळलं नाही तरी 30 हुकते. आधी आणून दिलंत तर कोणी रागावत नाही. दुसऱ्यांदा हुकलं की काय होतं ते वर पडदेवाली ताईंनी सांगितलंच आहे.

एक राहिलं. रद्द करण्याची वाट पत्रातच उघडी ठेवा आणि पैसे किती, किती दिवसांत परत मिळतील ते लिहा. त्यांना मागावं लागता कामा नये. आणि बदली टेबल व सूट ही "थांबलात तर" अशा अटीवर नको. टेबल 15 ला जाणारच, त्यांचं उत्तर येवो न येवो.

सुतारपक्षी
पुन्हा लिहिलंय:

"सप्रेम नमस्कार. तुमचं टेबल 15 तारखेला देतो असं मी कबूल केलं होतं, ते मला जमणार नाही. तुम्ही त्या तारखेवर विसंबून जुनं टेबल देऊन टाकलंत, त्यामुळे तुमची अडचण झाली आहे. मी मनापासून माफी मागतो.

वरच्या फळीचं लाकूड पुरेसं वाळलेलं नव्हतं आणि चिकटवण्याआधी मी ते तपासलं नाही. फळीला बाक आला, म्हणून ती नव्याने करतो आहे. या वेळी ओलावा मोजूनच काम सुरू करीन. टेबल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला तुमच्या घरी पोचेल.

तुमचं काम अडू नये म्हणून 15 च्या संध्याकाळी माझं चार फुटी टेबल तुमच्याकडे आणून लावतो. नेण्या-आणण्याचा खर्च माझा. ठरलेल्या किमतीचे 10 टक्के तुमच्या उरलेल्या रकमेतून कमी केले आहेत.

थांबणं सोयीचं नसेल तर एक निरोप द्या. ऑर्डर रद्द करून आगाऊ घेतलेली पूर्ण रक्कम तीन दिवसांत परत करतो. बदली टेबल त्यानंतरही, तुमची दुसरी सोय होईपर्यंत, तुमच्याकडे राहू द्या."

पडदेवाली
मला असं पत्र आलं असतं तर मी थांबले असते. फक्त 5 तारखेला किती वाजता तेही लिहा. दिवसभर दाराकडे बघत बसावं लागतं हो.

घाईगर्दी
रद्द करायला मुदत टाका. 4 तारखेला नको म्हणाल्या तर त्यांच्या मापाचं टेबल दुसरं कोण घेणार? हा तोटा तुम्हाला झेपणार नाही.

जुनी वही
मुद्दा खरा आहे. लाकडाला करवत लावण्याआधीपर्यंत मुदत ठेवता येईल. पण उशीर तुमचा आणि मुदत त्यांना, हे मला अजून खटकतं. मी असतो तर ठेवली नसती. धंदा तुमचा आहे, तुम्हीच ठरवा.

सुतारपक्षी
वेळ टाकली, सकाळी 10 ते 12. मुदतीचं आज रात्रभर विचार करतो. सकाळी आधी फोन करून स्वतः सांगेन आणि लगेच पत्र पाठवीन. फोनवर त्या काही वेगळं म्हणाल्या तर पत्र बदलावं लागेल, तेव्हा पुन्हा इथे येतो.