मदत हवी आहे: कंप्रेसर लोडवरून उतरतच नाही, मोठा घ्यावा का?

भोसरीवाला: तीन व्हीएमसी मिलिंग मशीनं आणि एक छोटी असेंब्ली लाइन आहे. दुपारनंतर प्रेशर ५ बारवर येतं आणि तिसऱ्या मशीनला एअरचा अलार्म लागतो. कंप्रेसरवाला म्हणतो ३० एचपीचा घ्या. घ्यावा का? उद्या उत्तर द्यायचंय.

नट_बोल्ट: आत्ता कितीचा आहे? स्क्रू की पिस्टन? टाकी किती? की अंदाजानेच सांगायचं?

भोसरीवाला: स्क्रू, २० एचपी. टाकी १००० लिटर. दोन शिफ्ट.

सोलरप्रेमी: छत कितीचं आहे? आम्ही पॅनेल बसवल्यापासून बिलाचं टेन्शनच संपलं.

नट_बोल्ट: त्यांनी हवेचं विचारलंय हो.

दादा_फिटर: सेटिंग ७ वरून ८.५ करा, अलार्म गायब. आम्ही तेच केलं.

जुना_मेंटेनन्स: दादा, प्रेशर वाढवलं की प्रत्येक गळतीतून हवाही जास्त जाते, आणि बारमागे वीज साधारण ६-७ टक्के जास्त लागते. भोसरीवाले, मोठा घेण्याआधी रविवारी एक करा. सगळी मशीनं बंद, पण मशीनपर्यंतचे व्हॉल्व्ह उघडे. स्पिंडलची पर्ज हवा बंद आहे ना ते बघा, नाहीतर तीही गळतीत मोजली जाईल. मग कंप्रेसर चालवून लोड, म्हणजे हवा भरताना, किती सेकंद आणि अनलोड, म्हणजे नुसता फिरताना, किती सेकंद, असे पाच-सहा फेरे लिहा. किलोवॅट दाखवणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर तोही लावा. नुसते अँपियर नकोत, अनलोडला पॉवर फॅक्टर घसरतो, अँपियरवरून फसाल.

भोसरीवाला: केलं. लोड ५० सेकंद, अनलोड १००. लोडला १७ किलोवॅट, अनलोडला ६. कोणीच काम करत नव्हतं, मग हवा गेली कुठे?

हिशोबी: ५० भागिले १५०, म्हणजे एक तृतीयांश हवा गळतेय. १७ चा एक तृतीयांश ५.६ किलोवॅट. दोन शिफ्टचे वर्षाला ४८०० तास, २७,००० युनिट. ९ रुपयांनी २ लाख ४० हजार!

जुना_मेंटेनन्स: टक्केवारी बरोबर, पैसे चुकले. गळती थांबली तरी कंप्रेसर त्या वेळात बंद होत नाही, अनलोडवर ६ किलोवॅट खातच राहतो. वाचतात ते मधले ११. त्याचा एक तृतीयांश ३.७ किलोवॅट, वर्षाला साधारण १७,५०० युनिट, दीड लाखाच्या थोडं वर. रात्री कंप्रेसर बंद असतो ना?

भोसरीवाला: नाही. सकाळी प्रेशर यायला वेळ लागतो म्हणून चालूच ठेवतो. हे विचारलंच नव्हतं कोणी.

जुना_मेंटेनन्स: अहो, हेच सांगायचं होतं! रात्री ८ तास तो फक्त गळती भरतोय. सरासरी ९.७ किलोवॅट, ३०० रात्रींचे २३,००० युनिट, म्हणजे २ लाखाच्या वर. दिवसाच्या गळतीपेक्षा जास्त. जाताना कंप्रेसर बंद करा आणि टाकीनंतरचा व्हॉल्व्ह लावा. टाकी पूर्ण रिकामी झाली तरी तुमचा २० एचपी चार-पाच मिनिटांत भरतो. वॉचमन आला की बटण दाबेल.

व्हीएफडी_फॅन: म्हणून म्हणतो, गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडीवाला घ्या. अनलोडची भानगडच नाही.

नट_बोल्ट: व्हीएफडी गळती बंद करतो का? तोही इमानदारीने गळती भरतच बसेल, फक्त कमी विजेत.

दादा_फिटर: साबणाचं पाणी फिरवा. अल्ट्रासॉनिक डिटेक्टर वगैरे उगाच खर्च.

जुना_मेंटेनन्स: खालच्या फिटिंगला साबण ठीक. छताजवळच्या लाइनला शिडी लावून ब्रश फिरवत बसणार का? तिथे एक दिवस भाड्याने आणला तरी चालतो.

भोसरीवाला: दोन रविवार घालवले. टाकीखालचा ड्रेन कॉक किंचित उघडा होता, त्याला चिंधी गुंडाळली होती म्हणून आवाज येत नव्हता. पाणी सारखं काढायला नको म्हणून पोरांनीच ठेवलेला. शिवाय असेंब्लीचे चार पुश-फिट जोड, मशीनपाशी हवा गाळणाऱ्या एका एफआरएलच्या बाउलची रिंग, आणि ब्लो गनचा पाइप क्लॅम्पपाशी चिरलेला. आता लोड ४०, अनलोड २२०.

हिशोबी: १५ टक्के. निम्म्याहून खाली आली. अजून असणार.

भोसरीवाला: असेल. रात्री बंद करायला लागलो, ३० एचपी सध्या नाही म्हटलं. पण तिसऱ्या व्हीएमसीचा अलार्म आजही एकदा आला. टाकीवर ६.८ बार, मशीनच्या गेजवर ५.४.

जुना_मेंटेनन्स: मग ते गळतीचं नाही. तिकडे जाणारा पाइप कितीचा आहे, आणि लाइनमधला फिल्टर शेवटचा कधी बदलला?

भोसरीवाला: फिल्टर कुठे असतो?