अनुभव धागा: राडा मैदानात झाला, मग पंचाने रिपोर्टमध्ये काय लिहिलं?

स्क्वेअरलेग

पंचगिरी करणाऱ्या, केलेल्या आणि पंचांशी हुज्जत घातलेल्या सगळ्यांना आमंत्रण. मैदानावर बाचाबाची होते, मिटते किंवा मिटत नाही, आणि संध्याकाळी पंचाला कागद पुढे ओढून घटनेचा रिपोर्ट लिहावा लागतो. त्या कागदाबद्दल लिहा. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद इथे नको.

नव्या पंचांचे रिपोर्ट समितीकडे जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. त्यातलं एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मर्यादित षटकांचा सामना, दुसरा डाव. गोलंदाजाने रनअप घेतला, नॉन-स्ट्रायकर लवकर क्रीज सोडून निघाला, गोलंदाजाने चेंडू न टाकता बेल्स पाडल्या आणि अपील केलं. पंचांनी बाद दिलं. फलंदाज जागचा हलेना. मग तो पंचांकडे चालत आला, बोलला, बॅट उचलली. दोन्ही पंचांनी आपसात बोलून गैरवर्तनाची लेव्हल 2 ठरवली आणि समोरच्या संघाला 5 पेनल्टी धावा दिल्या. क्षेत्ररक्षण करणारा संघ आधी फलंदाजी करून बसला होता, त्यामुळे त्या धावा त्यांच्या पहिल्या डावात जमा झाल्या. म्हणजे लक्ष्यच 5 धावांनी वाढलं. मग काय, पॅव्हेलियनमधूनही आवाज सुरू.

रिपोर्टचा पहिला खर्डा असा होता: "36.4 षटकात बाद दिल्यावर फलंदाज अत्यंत संतापून माझ्या अंगावर धावून आला, अर्वाच्य शिवीगाळ केली व बॅट उगारून मला धमकावले. त्याचे वर्तन खेळाला काळिमा फासणारे होते."

वाचायला जोरदार, सुनावणीत टिकायला कमकुवत. फलंदाजाच्या बाजूने बोलणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार: पंचाला धमकावणं लेव्हल 3 मध्ये येतं, त्यात 5 धावांबरोबर खेळाडूचं काही षटकांचं निलंबनही असतं. तुम्ही खरंच धमकावले गेलात, तर मैदानावर लेव्हल 2 का लावली? मैदानात एक आणि कागदावर दुसरं असेल, तर खरं कोणतं? आता पंच कितीही खरा असला तरी अडकला.

मी त्याला खाली बसवून विचारत गेलो. धावत आला का? नाही, चालत, पण भराभर. कुठे थांबला? माझ्यापासून दोन पावलांवर. बॅट किती वर गेली? कमरेएवढी, टोक माझ्याकडे. बोलला काय? ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं, कारण ओव्हर संपल्यावर खिशातल्या कार्डाच्या मागे लिहून ठेवलं होतं. बोलताना चेंडू डेड होता का? हो. मग ते सगळं तसंच लिहिलं:

"बाद दिल्यानंतर फलंदाज क्रीजजवळ उभा राहिला. मी त्याला दोनदा मैदान सोडण्यास सांगितले. तो भराभर चालत माझ्यापासून सुमारे दोन पावलांवर आला. बॅट उजव्या हातात, कमरेच्या उंचीवर, टोक माझ्या दिशेने. तो म्हणाला, '...'. त्याचा स्पर्श झाला नाही. कर्णधार मधे आला आणि त्याला घेऊन गेला. सहकारी पंच त्या वेळी स्क्वेअर लेगवरून माझ्याकडे येत होते. आम्ही चर्चा करून लेव्हल 2 ठरवली."

संताप गेला, काळिमा गेला. फलंदाजाच्या बाजूने जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे स्पर्श झाला नाही आणि कर्णधाराने आवरलं, त्याही आल्या. त्या गाळल्या असत्या तर समोरच्याने त्या काढून दाखवल्या असत्या, आणि मग रिपोर्टातल्या बाकीच्या ओळींवरही संशय आला असता.

जुनं_स्कोअरबुक

खर्ड्यात 36.4 लिहिलंय, तिथे मी थबकलो. चेंडू टाकलाच नव्हता ना? मग तो ओव्हरमध्ये मोजला जात नाही. स्कोअरबुकात विकेट 36.3 लाच पडलेली दिसणार आणि त्यानंतर टाकलेला चेंडू चौथा. पंचाच्या रिपोर्टात 36.4 आणि माझ्या वहीत 36.3 असेल तर कोणीतरी म्हणणारच, "पंचांना घटना कधी घडली हेही धड आठवत नाही."

आमच्याकडे एकदा असंच झालं होतं. पंच बिचारे बरोबर होते, पण सुनावणीचा निम्मा वेळ षटकावरच गेला. तेव्हापासून मी राडा झाला की वहीच्या शेऱ्यात घड्याळाची वेळ टाकतो, आणि पंच सही करायला आले की आकडे एकदा त्यांच्याशी जुळवून घेतो.

स्क्वेअरलेग

बरोबर पकडलंत. अंतिम रिपोर्टात "37 व्या षटकाचा चौथा चेंडू टाकण्यापूर्वी" असं केलं.

फ्रंटफूट_नेहमी

एक मूलभूत गोष्ट कोणी बोलत नाहीये. पहिल्या वेळी पंचाला फक्त वॉर्निंग देता येते, 5 धावा दुसऱ्या वेळी. आणि नॉन-स्ट्रायकरलाही आधी एकदा ताकीद द्यावीच लागते. म्हणजे दोन्हीकडे पंच चुकलेत. रिपोर्ट कितीही छान लिहा.

पांढरा_कोट

अर्धं बरोबर आहे. पहिल्या वेळी वॉर्निंग ही लेव्हल 1 ची गोष्ट. साधी नापसंती दाखवली, बॅट आपटली, उगाच अपील करत राहिले, तर आधी ताकीद. ती ताकीद पूर्ण संघाला असते, म्हणून पुढच्या वेळी दुसऱ्याच खेळाडूने लेव्हल 1 चं काही केलं तरी 5 धावा जातात. गंभीर नापसंती ही लेव्हल 2, तिथे थेट 5 धावा. खेळाडूंच्या वर्तनाचा हा नियम 2017 च्या संहितेत आला, त्याआधी मैदानावर पंचाच्या हातात इतकं काही नव्हतं.

नॉन-स्ट्रायकरला ताकीद हा रिवाज आहे, नियमात तशी अट नाही. उलट 2022 पासून हा प्रकार अनुचित खेळाच्या नियमातून काढून सरळ धावबादच्या नियमात टाकलाय.

रिपोर्टात मात्र इथे एक गोष्ट हवीच होती, ती मला दिसली नाही: बेल्स पडल्या तेव्हा गोलंदाजाचा हात कुठे होता? एरवी चेंडू हातातून सुटला असता तो क्षण उलटून गेला असेल, तर त्या पद्धतीने बाद देता येत नाही. जानेवारी 2023 मध्ये बिग बॅशमध्ये झाम्पाने असंच केलं आणि हात पुढे गेला होता म्हणून नाबाद ठरलं. फलंदाज चिडला त्यामागे हेच कारण असेल, तर समिती ते विचारणारच.

स्क्वेअरलेग

विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं, "हात खांद्याच्या खाली होता, मी बघत होतो." ते निर्णयाच्या परिच्छेदात वेगळं लिहिलं. वर्तनाच्या भागात मिसळलं नाही, कारण निर्णय चुकला असता तरी वर्तनाचा मुद्दा उरलाच असता.

डावरा_फिरकी

मी पंच नाही, माझ्यावर असा रिपोर्ट झालाय. त्यात लिहिलं होतं, "कर्णधाराने खेळाडूंना चिथावले." मी काय केलं होतं? स्लिपमधून ओरडलो, "विचार, परत विचार त्यांना." आता हे चिथावणं की कर्णधाराचं काम, हे समितीने ठरवायचं ना? माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं असतं तर मीही मान्य केलं असतं. वाक्य नव्हतं, फक्त शेरा होता, म्हणून मी शेवटपर्यंत भांडलो आणि सुटलो. खरं सांगायचं तर थोडी शिक्षा मला व्हायला हवी होती.

शिटी_आणि_कार्ड

आमच्याकडे फुटबॉलमध्ये सोपं आहे, लाल कार्ड दाखवलं की मिनिट आणि कारण लिहायचं. तुम्ही लोक निर्णय बदलून का देत नाही? बाद दिलं नसतं तर एवढं झालंच नसतं.

जुनं_स्कोअरबुक

साहेब, धागा रिपोर्टचा आहे. शिवाय कारण नीट लिहिलं नाही तर तुमचंही लाल कार्ड सुनावणीत लटकतंच की.

नवखा_पंच

माझा प्रश्न वेगळा आहे. मी स्क्वेअर लेगला होतो, शिवी मला ऐकूच आली नाही. सहकारी पंच म्हणाले, "मी ऐकली, तू पण लिही." मी लिहिली नाही. आता ते बोलत नाहीत माझ्याशी.

पांढरा_कोट

बरं केलंस. 2008 च्या सिडनी कसोटीतलं हरभजन-सायमंड्स प्रकरण आठव. मैदानावरच्या पंचांना ते शब्द ऐकू आले नव्हते, तक्रार पाँटिंगकडून पुढे गेली. सुनावणी मग खेळाडू विरुद्ध खेळाडू झाली. हरभजनवर 3 कसोटींची बंदी आली आणि अपिलात ती उठली, सामन्याच्या मानधनाच्या 50 टक्के दंड राहिला. न ऐकलेलं ऐकलं म्हणून तिथे पंचांनी लिहिलं असतं तर काय गोंधळ झाला असता, कल्पना कर.

तू इतकंच लिहायचंस: "फलंदाजाचे ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. सहकारी पंचांनी लगेच मला सांगितले." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण त्यांनी ते त्याच वेळी सांगितलं होतं, संध्याकाळी रचलेलं नाही, हे त्यातून दिसतं.

स्क्वेअरलेग

यावर माझं थोडं वेगळं मत आहे. संहितेप्रमाणे दोघा पंचांनी मिळून कळवायचं असतं, पण मी दोघांना आधी एकमेकांशी न बोलता आपापली टिपणं काढायला लावतो आणि मग एकत्र रिपोर्ट करतो. टिपणं जुळली नाहीत तर जुळली नाहीत. दोघांची टिपणं शब्दाला शब्द सारखी आली की वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतात.

पांढरा_कोट

त्यात धोका असा की मैदानावर एकत्र घेतलेला निर्णय कागदावर दोघांनी वेगवेगळा सांगितला तर ते समोरच्यालाच हवं असतं. लेव्हल ठरवताना काय बोललो, एवढं तरी एकत्र बसून लिहा.

फ्रंटफूट_नेहमी

लेव्हलचं पाहिलं, मान्य. पण शिव्या कागदावर जशाच्या तशा लिहायच्या? समितीत बायका-पोरं असतात, ज्येष्ठ मंडळी असतात.

जुनं_स्कोअरबुक

"अर्वाच्य भाषा" लिहिलं की फलंदाज म्हणतो, मी "अरे यार" एवढंच म्हणालो. मग कसं सिद्ध करणार? पूर्ण लिहा.

स्क्वेअरलेग

मी पूर्णच लिहायला सांगतो. पण काही जण पहिलं अक्षर आणि टिंबं देऊन, पूर्ण शब्द वेगळ्या बंद पाकिटात पाठवतात. ते चालतं की नाही, हे प्रत्येक समितीचं वेगळं आहे.

नवखा_पंच

आणि प्रेक्षकाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आला तर? त्यात तर दोन पावलं नाही, चार पावलं दिसतात.

पांढरा_कोट

रिपोर्ट दिल्यानंतर आला का आधी?

नवखा_पंच

नंतर. दोन दिवसांनी.

पांढरा_कोट

मग मूळ रिपोर्टाला हात लावू नकोस. वेगळी पुरवणी दे, त्यावर त्या दिवसाची तारीख टाक, व्हिडिओ कोणी आणि कधी दिला ते लिही. लांबून झूम करून काढलेल्या चित्रात अंतर फसवं दिसतं, हे तुला वाटत असलं तरी ते पुरवणीत घालू नकोस, विचारलं तर सांग.

डावरा_फिरकी

आणि चार पावलं खरंच असली तर?

पांढरा_कोट

तर "सुमारे दोन" हे त्याला त्या वेळी वाटलेलं अंतर होतं, असं तो सांगेल. त्यापुढचं समिती बघेल.