फोटोतला नंबर, नाव कसं झाकता? अनुभव लिहा

जुळेसोलापूरकर: गड्ड्याचे फोटो, विकायच्या गाडीचे फोटो, पोरांच्या गॅदरिंगचे फोटो सगळेच टाकतात. त्यातला घर नंबर, गाडीचा नंबर, आयकार्डवरचं नाव तुम्ही कसं झाकता, आणि झाकलेलं नंतर कुणी वाचलं का, ते सांगा.

विजापूररोड: आमच्या भावानं स्कूटर विकायला काढली, नंबर प्लेटवर फोनच्या एडिटमधला काळा मार्कर दोनदा फिरवला, बघायला पूर्ण काळं. शेजारच्या पोरानं तो फोटो सेव्ह करून एक्सपोजर आणि शॅडो फुल्ल वाढवले तर एमएच १३ च्या पुढची अक्षरं, आकडे सगळे वर आले की ओ.

नवीपेठ_ताई: मी ब्लर करते, त्यात काहीच दिसत नाही. एकदम सेफ.

स्टुडिओवाला: ताई, चेहऱ्याला दाट ब्लर ठीक आहे, पण प्लेटला नको. प्लेटचा साचा ठरलेला, एमएच १३ तर सोलापुरात आधीच माहीत असतं, उरतात थोडी अक्षरं आणि चार आकडे. एकेक आकडा तसाच ब्लर करून जुळवून बघितला की हलक्या ब्लरमधून अंदाज निघू शकतो. आणि विजापूररोड, तुमच्याकडे झालं ते असं की तो मार्कर हायलायटरच्या जातीचा, अर्धा पारदर्शक. दोन-तीन हात फिरवले की डोळ्याला काळं दिसतं, पण खालचा पांढरा आणि काळा भाग यांच्यात थोडा फरक फाइलमध्ये राहतोच, ब्राइटनेस वाढवला की तोच फरक उघडा पडतो. मी शेप्समधला भरीव चौकोन घेतो, ओपॅसिटी पूर्ण, प्लेटच्या कडेपेक्षा थोडा मोठा. मग त्याचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवतो, ओरिजिनल नाही. पाठवायच्या आधी स्वतःच एक्सपोजर वाढवून बघतो, चौकोन सपाट काळाच राहिला तर झालं.

होटगीरोड_रायडर: पण नंबर प्लेट झाकली तर पोलीस दंड करतात ना?

जुळेसोलापूरकर: तो रस्त्यावरच्या गाडीचा विषय आहे दादा, इथं फोटोचं चाललंय.

नवीपेठ_ताई: मग क्रॉप करून टाकलं की विषयच संपला?

स्टुडिओवाला: बहुतेक वेळा हो. पण २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या एडिटरमध्ये दोष सापडला होता, क्रॉप केलेल्या फाइलच्या शेवटी जुन्या फोटोचा डेटा उरायचा, त्यातून कापलेला भाग बऱ्यापैकी परत काढता यायचा. अपडेट आलं, पण आधी पाठवलेल्या फाइली तशाच राहिल्या.

सातरस्ता_आई: माझं जरा वेगळं आहे. गॅदरिंगच्या फोटोत मुलीच्या आयकार्डवरचं नाव मी झाकलं, पण गळ्यातल्या पट्टीवर शाळेचं नाव छापलेलं, आणि मागच्या काचेत आमचं गेट, त्यावर घर नंबर उलटा पण वाचता येण्यासारखा. आता मी फोटो झूम करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघते. पण दुसऱ्या पालकांनी तोच फोटो न झाकता ग्रुपवर टाकला, त्यांना कसं सांगू? तुम्ही काय करता?

विजापूररोड: मी थेट फोन करतो, ग्रुपवर बोललं की वाद होतो. काही काढतात, काही "त्यात काय एवढं" म्हणतात.