14 वेळा ओपीडीत आलेली ताई: काय बोलावं आणि केस पेपरवर काय लिहावं?

रानजाई
चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून मला आठ महिने झाले. एका पेशंटबद्दल सल्ला हवा आहे. ताई, वय 42, पाच महिन्यांत 14 वेळा ओपीडीत. छातीत भारी वाटतं, डाव्या हाताला मुंग्या येतात, डोकं जड होतं, जीव घाबरतो. ईसीजी तीनदा झाला. शुगर, थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन ठीक. केस पेपरवर दर वेळी वेगळ्या अक्षरात एकच ओळ: "अंगदुखी, अशक्तपणा, मल्टीव्हिटॅमिन, पँटोप्राझोल."

मागच्या मंगळवारी मी म्हटलं, "ताई, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." ती उठली आणि दाराशी थांबून म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलते का, मॅडम?" तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

रिअ‍ॅट्रिब्यूशन म्हणजे शरीराच्या तक्रारीची आयुष्यातल्या ताणाशी जोड लावून बोलणं. हा शब्द लेक्चरमध्ये ऐकला होता, कुणाला करताना पाहिलेलं नाही. रोज 80-90 पेशंट असतात. त्यात हे कसं बसवायचं? आणि मी रजेवर असताना दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नये, यासाठी काय लिहून ठेवायचं?

बांबूवन
एकच डॉक्टर ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. दर वेळी नवा चेहरा दिसला की तक्रारीही नव्याने सुरू होतात. दुसरं, एकदा टू-डी इको आणि पोटाची सोनोग्राफी करून टाका, म्हणजे तिच्याही मनातली शंका जाईल. सगळं नॉर्मल आलं की सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर, म्हणजे शारीरिक लक्षणांच्या काळजीचा मानसिक आजार, लिहून मोकळं व्हा.

जुना दवाखाना
सव्वीस वर्षं फॅमिली प्रॅक्टिस केली, त्यावरून लिहितो. एकच डॉक्टर हे बांबूवन यांचं म्हणणं अगदी खरं. पण "सगळं नॉर्मल, म्हणून हा आजार" हा हिशोब 2013 साली डीएसएम-5 हे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक आलं तेव्हाच मागे पडला. आता बघायचं ते हे: लक्षणामुळे माणूस किती घाबरलेला आहे, दिवसातला किती वेळ त्याच विचारात जातो, आणि हे साधारण सहा महिने टिकलंय का. ज्याला मधुमेह आहे किंवा खरोखर हृदयविकार आहे, त्यालाही हे निदान लागू होऊ शकतं. रानजाई, तक्रार नेमकी कधी सुरू झाली ते आधी विचारा.

"शंका घालवायला" म्हणून केलेली तपासणी उलटते. आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग मनात येतं, "डॉक्टरलाच खात्री नव्हती म्हणून पाठवलं."

आता बोलण्याबद्दल. रिअ‍ॅट्रिब्यूशनची ही पद्धत गोल्डबर्ग, गॅस्क आणि ओ'डाउड यांनी 1989 साली मांडली, फॅमिली डॉक्टरांसाठी. तिचे टप्पे तीन. आपलं म्हणणं डॉक्टरला कळलं असं पेशंटला वाटणं, मग बोलण्याचा विषय रुंद करणं, मग शरीर आणि आयुष्य यांची जोड लावणं. तिन्ही टप्पे एका दिवसात उरकायला गेलात तर तुमच्या मंगळवारसारखं होतं. तुम्ही थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारलीत.

पहिल्या भेटीत तीनच प्रश्न विचारा. "काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा." "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशामुळे होतंय?" "सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" मग नीट तपासा. स्टेथोस्कोप पूर्ण वेळ लावा. मान आणि खांद्याच्या मधला स्नायू अंगठ्याने दाबा आणि विचारा, "हेच का ते दुखणं?" हात लावून तपासलेल्या पेशंटला "काही नाही" हे वाक्य वेगळं ऐकू येतं.

दुसऱ्या भेटीत "पण" हा शब्द टाळा. "छाती जड होते हे खरं, पण रिपोर्ट नॉर्मल आहेत" असं म्हटलं की पहिलं अर्धं वाक्य पुसलं जातं. "छाती जड होते हे खरं आहे. हृदय मी ऐकलं, ठोके नीट आहेत. आणि तुम्ही म्हणालात की पहाटे तीनला जाग येते." वाक्य इथेच सोडा, पुढचं तिला बोलू द्या.

जोड लावताना मी पाण्याने भरलेला तांब्या वापरतो. हात समोर सरळ करून धरायला सांगायचं. दीड-दोन मिनिटांत दंड भरून येतो, हात थरथरतो. "हाताला काही आजार झाला का?" "नाही, ताण पडला." "मग खांदे दिवसभर असेच आवळलेले राहिले तर?" आणि गप्प बसायचं. उत्तर तिच्या तोंडून आलं तरच ती जोड तिची होते.

सातपाटी
माझ्या आईची पाठ दुखायची. दोन डॉक्टरांनी "वयाचं आहे, मनावर घेऊ नका" म्हणून गोळ्या दिल्या. सात महिन्यांनी मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर निघाला. हिमोग्लोबिन 9 वर आलं होतं, रात्री झोपेतून उठावं लागायचं, ते कुणी बघितलंच नाही. तुम्ही लोक इथे तांब्या धरायला सांगताय, हे वाचून अंगावर काटा आला.

जुना दवाखाना
सातपाटी, तुमच्या आईच्या बाबतीत जे झालं ते चूकच होतं. म्हणूनच दर भेटीत नव्याने तपासणं हा या पद्धतीचा भाग आहे, आणि ते सोडलं तर मी तिला पद्धत म्हणणार नाही. झोपेतून उठवणारी वेदना, घटतं वजन, ताप, उतरणारं हिमोग्लोबिन, चालताना येणारं छातीचं दुखणं, यातलं काहीही दिसलं की जोड बाजूला ठेवायची आणि तपासण्या करायच्या.

रानजाई
काल ती आली. शेवटच्या नंबरला थांबवून 18 मिनिटं दिली. तक्रार दिवाळीनंतरची, म्हणजे आठ महिने झाले. भीती कशाची हे विचारल्यावर बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "भाऊ असाच गेला. छातीत भारी भारी म्हणे, आन् गेला." भाऊ 46 वर्षांचा होता. 14 भेटींत हे एकदाही कागदावर आलेलं नाही.

बांबूवन
मग मी इको म्हणत होतो ते अगदीच चूक नव्हतं.

जुना दवाखाना
भाऊ 46 व्या वर्षी गेला म्हणजे तिची जोखीम खरी आहे, हे मान्य. लिपिड एकदा करा, बीपी दर वेळी घ्या, आणि तुमच्याकडे तंबाखूचा खर्रा खातात का हे विचारायलाच हवं. जिना चढताना, शेतात काम करताना छाती दुखत नसेल तर इको करून काय हाती लागेल असं मला वाटत नाही. पण इथे दुसऱ्या डॉक्टरचं मत वेगळं असू शकतं. करायचंच ठरलं तर एकदाच, आणि आधी तिला सांगून: काय शोधतोय, आणि नॉर्मल आलं तर पुढे काय करणार.

मेळघाटवाली सिस्टर
चंद्रपूर म्हणताय, तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी टेस्ट झाली आहे का? अंगदुखीच्या बाईला "मानसिक" म्हणण्याआधी आमच्या भागात ते बघतातच.

रानजाई
झालेली नव्हती. आज केली, निगेटिव्ह. धन्यवाद सिस्टर.

पेनाइन
मी मँचेस्टरजवळ जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, मूळ सांगलीची. थोडं थंड पाणी घालते, कारण कुणाचाही अपेक्षाभंग होऊ नये. डॉक्टरांना ही पद्धत शिकवणाऱ्या प्रशिक्षणाची इथे चाचणी झाली, निकाल 2007 मध्ये आले. डॉक्टरांचं बोलणं नक्की सुधारलं, पेशंटच्या लक्षणांत मात्र तसा फरक दिसला नाही. डॉक्टरांना काही तासांचंच प्रशिक्षण होतं आणि पेशंटचा त्रास मात्र वर्षानुवर्षांचा, हे कारण असेल असं मला वाटतं. माझ्या अनुभवात उपयोग होतो तो ठरलेल्या तारखेचा. दर चार ते सहा आठवड्यांनी भेट, दुखो वा न दुखो. डॉक्टर भेटण्यासाठी दुखावं लागू नये.

मुंग्यांबद्दल: घाबरल्यावर श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. हे तिला सांगा. मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावून दाखवू मात्र नका. हृदयविकार, फिट्स, सिकलसेल, गरोदरपण असेल तर ते धोक्याचं आहे, आणि तिच्या हृदयाची जोखीम अजून तपासायची आहे.

रानजाई
दुसरी भेट झाली. तांब्या धरायला दिला. दीड मिनिटानंतर तीच म्हणाली, "रात्री बी माझे खांदे असेच राहतात." केस पेपरवर हे लिहिलं, तपासून सांगा:

*8 जुलै. ठरलेली भेट.*
*तिच्या शब्दांत: "छातीत भारी भारी, हाताला मुंग्या." रोज, बहुतेक पहाटे 3 ते 5. चढताना, कामात नाही.*
*भीती: भावासारखा अटॅक येईल.*
*आज तपासलं: नाडी 88, बीपी 128/82, हृदय-फुप्फुस ठीक, दोन्ही खांद्यांचे स्नायू ताठ, दाबल्यावर तेच दुखणं.*
*आधी झालेलं: ईसीजी 3, शुगर, टीएसएच, सिकल निगेटिव्ह. लिपिड पाठवलं. नवीन खूण नसेल तर पुन्हा करू नये.*
*तिने लावलेली जोड: "खांदे रात्री बी तसेच राहतात."*
*घरी: नवऱ्याची दारू, भावाच्या कर्जाला ती जामीन.*
*ठरलं: पहाटे जाग आली की खांदे सैल सोडून सावकाश श्वास. सलाईन किंवा इंजेक्शन नाही.*
*लगेच बोलावणं: चालताना छातीत दुखणं, घाम, चक्कर येऊन पडणं, वजन घटणं.*
*पुढची भेट: 5 ऑगस्ट, माझ्याकडेच.*

जुना दवाखाना
"नवीन खूण नसेल तर पुन्हा करू नये" ही ओळ या कागदावरची सगळ्यात कामाची. रात्री कॉलवरच्या डॉक्टरला तीच लागते. एक राहिलं. झोप नाही, भाऊ गेलाय, तर उदासी आणि जीव नकोसा वाटतो का हे विचारून उत्तर लिहा. आणि निदानाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून "सायकोसोमॅटिक" असं काही लिहू नका. तो शब्द बघितला की पुढचा डॉक्टर स्टेथोस्कोप काढतच नाही.

मेळघाटवाली सिस्टर
मॅडम, "घरी" ची ओळ खोडा. केस पेपर तिच्या पिशवीत घरी जातो, नवरा वाचेल. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य टीमला पाठवताना हे सगळं फोनवर सांगा. कागदावर "घरचा ताण, बोलणं झालं" एवढंच.

पेनाइन
इथे नोंद कॉम्प्युटरवर राहते, त्यामुळे मी सगळं लिहिते. पण एवढी मोठी गोष्ट लिहिलीच नाही तर पुढच्या डॉक्टरला कळणार कसं?

मेळघाटवाली सिस्टर
कळलं नाही तरी चालेल. तिला मार पडता कामा नये.

रानजाई
ओळ काढली. पूर्ण नोंद माझ्या वहीत, नावाऐवजी नंबराने. वही माझ्या बदलीनंतर कुणाकडे द्यायची, हे अजून कळत नाही. उदासीचं विचारलं. रडली, पण जीव द्यावासा वाटत नाही म्हणाली. भाऊ गेल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं, हेही म्हणाली.

रानजाई
अपडेट. 5 ऑगस्टची तारीख होती, 29 जुलैलाच आली. मधे एका खाजगी दवाखान्यात सलाईन लावून घेतलं, 600 रुपये गेले. हे सांगताना मान खाली होती. मी रागावले नाही, तपासलं, नाडी 84, लिपिड ठीक. विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? भावाचं वर्षश्राद्ध कधी करायचं यावर घरात बोलणं झालं होतं. ते तिने स्वतःच सांगितलं, मी जोड लावली नाही.

जुना दवाखाना, आता 5 ची भेट ठेवू की पुढे ढकलू?

जुना दवाखाना
5 लाच बोलवा. लवकर आली म्हणून ठरलेली तारीख काढून घेऊ नका.