शुल्क कापले, तरी अर्ज ‘शुल्क बाकी’: दोष क्रोमचा की पोर्टलचा?

परीक्षा विभागातील लिपिक, अंबाजोगाई
आमच्या महाविद्यालयाच्या पोर्टलवर क्रोममधून परीक्षा शुल्क भरले की पैसे खात्यातून जातात, पण परतताना लॉगिनचे पान उघडते आणि अर्जावर ‘शुल्क बाकी’ तसेच राहते. फायरफॉक्समध्ये तेच काम नीट होते. प्रयोगशाळेत २०१९ चे क्रोम होते तोवर तक्रार नव्हती. ते अद्ययावत केल्यावर ती सुरू झाली. अद्ययावत करणे थांबवावे का?

संगणक प्रशिक्षक, माजलगाव
थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रोमने कुकीचे नियम बदलले आणि चालती पोर्टले अडली. सेटिंगमध्ये जाऊन तृतीय पक्षाच्या कुकींना परवानगी द्या, म्हणजे अडचण दूर होईल.

वेब विकासक, छत्रपती संभाजीनगर
कुकीचा नियम बदलला हे सर बरोबर सांगतात, पण त्या सेटिंगने येथे काहीही होणार नाही, कारण अडलेली कुकी तृतीय पक्षाची नसून महाविद्यालयाच्या पोर्टलचीच आहे. विद्यार्थी लॉगिन करतो तेव्हा पोर्टल त्याच्या ब्राउझरमध्ये ओळखीची एक कुकी ठेवते. पैसे भरून झाल्यावर पेमेंट गेटवे त्याला POST पद्धतीने, म्हणजे व्यवहाराची माहिती विनंतीच्या आत घालून, पोर्टलकडे परत पाठवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, कुकीवर SameSite ची, म्हणजे परक्या संकेतस्थळाकडून आलेल्या विनंतीसोबत ती जाऊ द्यायची का याची, नोंद नसेल तर ती Lax धरली जाते, आणि दुसऱ्या संकेतस्थळाकडून आलेल्या POST सोबत अशी कुकी जात नाही. पोर्टलला विद्यार्थी अनोळखी वाटतो, ते त्याला लॉगिनकडे वळवते, आणि ‘शुल्क मिळाले’ ही नोंद त्या तपासणीनंतर होत असल्याने ती राहूनच जाते. फायरफॉक्सने हा नियम सर्वसाधारण आवृत्तीत लागू केलेला नाही, म्हणून तेथे काम होते.

एक सूट मात्र आहे. कुकी तयार होऊन २ मिनिटे झाली नसतील, तर क्रोम ती POST सोबतही जाऊ देतो. त्यामुळे अर्ज आधीच भरून ठेवलेला विद्यार्थी नव्याने लॉगिन करून यूपीआयने चटकन पैसे भरतो तेव्हा काम होते, आणि दहा मिनिटे विषय निवडत बसलेला अडकतो. ‘कधी चालते, कधी नाही’ अशा तक्रारींमागे बहुधा हेच असते. F12 दाबून Application मध्ये Cookies पाहा. SameSite चा रकाना रिकामा असेल, तर संशयाला आधार मिळाला.

सेवा केंद्र चालक, वसमत
आमच्याकडेही असेच आहे. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन लावला तरी पोर्टल तो ओळखत नाही, पूर्वी जावावर चालायचे. हीच कुकी असेल का?

वेब विकासक, छत्रपती संभाजीनगर
नाही दादा, तो प्रश्न वेगळा आहे. ब्राउझरमध्ये जावा चालवणारा प्लगिनचा मार्गच क्रोम ४५ मध्ये, सप्टेंबर २०१५ ला बंद झाला. आता स्वाक्षरीसाठी संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते. ते चालू आहे का, हे आधी पाहा.

संगणक प्रशिक्षक, माजलगाव
तृतीय पक्षाबद्दल माझी चूक झाली, हे मान्य. तरीही मूळ मत मी सोडत नाही. पोर्टल बनवणाऱ्या कंपनीचा करार संपलेला असतो, अर्जाची शेवटची तारीख उद्यावर असते, आणि तांड्यावरून दोन एसटी बदलून आलेल्या मुलीने दुसऱ्यांदा शुल्क भरायचे का? जुने क्रोम ठेवले तर तिचे काम आज होते.

वेब विकासक, छत्रपती संभाजीनगर
आज तिला फायरफॉक्स उघडून द्या. ते अद्ययावत ठेवूनही काम होते. ज्या संगणकावर पैशांचे व्यवहार होतात, तेथे वर्षानुवर्षे सुरक्षा दुरुस्ती न मिळालेला ब्राउझर ठेवणे मला पटत नाही. शिवाय हा नियम उगाच आलेला नाही: परक्या पानाने लॉगिन केलेल्या माणसाच्या नावे परस्पर विनंती पाठवू नये, यासाठी तो आहे. पोर्टलकडून तात्पुरती दुरुस्ती एका ओळीची आहे: None लिहून कुकीला परक्या संकेतस्थळाकडून आलेल्या विनंतीसोबतही जाऊ द्यायचे, पण संकेतस्थळ https वर हवे:

```
Set-Cookie: JSESSIONID=...; Secure; HttpOnly; SameSite=None
```

याने ते संरक्षण सैल होते, आणि आयफोनवरील iOS १२ चा सफारी None चा अर्थ उलटा, म्हणजे सर्वांत कडक, असा लावतो. म्हणून खरी दुरुस्ती परतीच्या पानात हवी: त्याने कुकीवर विसंबू नये, गेटवेची स्वाक्षरी तपासावी, व्यवहार क्रमांकावरून अर्ज शोधून नोंद करावी आणि मगच विद्यार्थ्याला पुढे न्यावे.

परीक्षा विभागातील लिपिक, अंबाजोगाई
आज दोन संगणकांवर करून पाहिले. रकाना दोन्हीकडे रिकामाच होता. एकावर लॉगिन करताच शुल्क भरले, पावती निघाली. दुसऱ्यावर दहा मिनिटे थांबून भरले, तर लॉगिनचे पान आले. हे सर्व कंपनीला लिहून कळवले आहे, पण करार संपल्यामुळे दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा, यावर अजून उत्तर आलेले नाही. तोवर खिडकीवर फायरफॉक्स वापरण्याची सूचना लावली आहे, आणि आधी अडकलेले अर्ज गेटवेच्या यादीतील व्यवहार क्रमांकाशी हाताने जुळवत आहोत.