मदत हवी आहे: खारीची तीन स्केचेस आलीत, कुठलं फायनल करू?

मधली_सुट्टी: चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रगोष्ट करतेय, नायिका खार आणि तिचा दोस्त मुंगूस. चित्रकाराने खारीचे तीन नमुने पाठवलेत. अ रंगवलेलं, मोठे डोळे, पापण्याबिपण्या. ब नुसत्या पेन्सिलीत, ठिपक्यांचे डोळे आणि अंगापेक्षा मोठी शेपटी. क मधे लाल फ्रॉक. घरी सगळे अ वर फिदा आहेत, मला ब बरं वाटतंय पण का ते सांगता येत नाहीये. हावभाव, वेगळेपण, पोरांना चटकन ओळखू येणं, हे तपासायचं कसं?

कोकम_सोडा: क घे डोळे मिटून. लाल फ्रॉक लांबूनपण दिसतो, विषय संपला.

खोडरबर: आणि गोष्टीत पाऊस आला, खारीने रेनकोट घातला की मग? लाल रंग पटकन सापडतो हे खरं, पण ओळख फक्त कपड्यावर असेल तर कपडे बदलले की लहान पोरांना ती दुसरीच कोणीतरी वाटू शकते.
आधी अ चे रंग काढून टाक, रंगीत विरुद्ध पेन्सिल ही तुलनाच होत नाही. मग तिन्ही खारी आणि मुंगूस काळ्या रंगाने पूर्ण भर आणि दोन सेंटिमीटरपर्यंत लहान कर. पाठीवरचे पट्टे तिथे गायबच होतात, उरतो फक्त आकार, आणि खार-मुंगूस दोघंही लांबुडके नि शेपटीवाले, घोळ तिथेच होणार.

आजीचा_नातू: एका स्केचचे किती घेतात हल्ली? माझ्या पुतण्याला हत्ती काढून हवाय.

मधली_सुट्टी: @आजीचा_नातू व्यनि करते.
@खोडरबर केलं! अ तर सरळ मुंगसात मिसळली, क चा फ्रॉक नुसता फुगवटा दिसतो, ब मात्र शेपटीमुळे सुटी दिसते. पण ब ची घाबरलेली आणि चकित झालेली खार सेम टू सेम आहे हो, दोन्हीकडे ठिपके आणि गोल तोंड.

खोडरबर: नुसत्या चेहऱ्यावरून या दोन भावनांत या वयाची मुलं तशीही गोंधळतात, आनंद लवकर कळतो. अंगाला काम दे. घाबरली की कान मागे, पोट जमिनीला, चकित झाली की मागच्या पायांवर उभी. मग चार-पाच मुलांना एकेकटं दाखव, "घाबरलीये का?" विचारलंस तर हो म्हणून मोकळी होतील, "काय झालंय हिला?" असं विचार. आणि "कुठली आवडली" नको, गर्दीचं पान देऊन "खार कुठेय?" विचार.

कोकम_सोडा: पण पुस्तक विकत आईबाबा घेतात, त्यांना गोडच लागतं.

खोडरबर: तेही आहेच. कव्हरवर डोळे थोडे मोठे करून बघता येईल, पण मग आतली खार आणि कव्हरवरची एकच वाटेल का, ते मुलांनाच दाखवून बघावं लागेल.

मधली_सुट्टी: चित्रकाराला आज ब ची घाबरलेली खार नव्या पोजमधे मागितली. रविवारी सोसायटीतली पोरं गोळा करते, आल्यावर इथे टाकते.